फोटोत हरवलेला एक मायनस

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात बारावीची मुलं प्रश्न टाइप करत नाहीत, पानाचा फोटो काढून पाठवतात. त्या दिवशी दुपारी आलेल्या फोटोत त्रिमितीय भूमितीचं एकच उदाहरण होतं: दोन रेषा दिल्या आहेत, त्या स्क्यू आहेत का ते ठरवा. खाली मुलीचा मेसेज होता, "सर, माझं उत्तर स्क्यू येतंय, पुस्तकात मागे छेदतात असं दिलंय. छापायची चूक आहे का?"

फोटोवरून मी वहीत उतरवलं ते असं:

```
(x-1)/2 = (y+2)/3 = (3-z)/1
(x-4)/1 = (y+1)/2 = (z-4)/2
```

पहिल्या रेषेवरचा बिंदू (1, -2, 3). तिथे z चा अंश उलटा, म्हणजे 3-z असा लिहिलाय, तेव्हा तो z-3 करताना खालचा 1 हा -1 होतो आणि दिशा (2, 3, -1) येते. दुसऱ्या रेषेवरचा बिंदू (4, -1, 4), दिशा (1, 2, 2). आधी समांतर आहेत का ते बघून घ्यायचं, कारण समांतर रेषांनाही डिटरमिनंट शून्यच येतो आणि नुसत्या शून्यावर विसंबलं तर समांतर रेषा छेदतात असं लिहून मोकळं व्हायला होतं. इथे x चं गुणोत्तर 2/1 आणि z चं -1/2, म्हणजे समांतर नाहीत. दोन बिंदूंमधला फरक (3, 1, 1) आणि दोन्ही दिशांचा क्रॉस प्रॉडक्ट (8, -5, 1). त्यांचा डॉट 24 - 5 + 1 = 20. शून्य नाही, म्हणजे रेषा स्क्यू.

मुलीचंही स्क्यू, माझंही स्क्यू. "पुस्तकातलं उत्तर चुकलंय" असं टाइप करून झालं होतं. पाठवण्याआधी सवयीने एक विचारलं: "अगं, दोन रेषांमधलं कमीत कमी अंतर किती येतंय तुझं?"

तिचं उत्तर 14/√122. माझं 20/√90, म्हणजे 2√10/3. निष्कर्ष एकच, आकडे वेगळे. तेव्हा दोघांपैकी किमान एक जण वेगळ्याच रेषांचं गणित सोडवत होता.

तिच्या वहीचा फोटो मागवला. तिने पहिल्या रेषेची दिशा (2, 3, 1) घेतली होती. 3-z मधला उलटा क्रम बिंदू काढताना तिच्या लक्षात आला, 3 बरोबर घेतले, पण दिशा लिहिताना खालचा 1 तसाच उचलला. ही चूक दरवर्षी दिसते. मात्र तिची दुसरी रेषा बघून मी थबकलो. तिने दिशा (1, -2, 2) लिहिली होती. मी तर (1, 2, 2) घेतली होती, आणि पुस्तक तिच्या हातात होतं.

फोटो मोठा करून पाहिला. y+1 च्या खाली 2 स्वच्छ दिसत होता, मायनस कुठेच नाही. पान वाकलेलं, प्रकाश एका बाजूने, त्यात व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. अपूर्णांकाच्या रेघेखाली अगदी जवळ असलेली बारीक आडवी रेघ अशा फोटोत सगळ्यात आधी पुसली जाते किंवा वरच्या रेघेत मिसळून जाते. पण छपाई एक खूण मागे ठेवते. अपूर्णांक छापताना छेद अंशाच्या मधोमध बसवतात. शेजारच्या (z-4)/2 मध्ये 2 बरोबर मधल्या मायनसच्या खाली होता. y+1 च्या खालचा 2 मात्र मधल्या अधिकाच्या खाली नव्हता, उजवीकडे 1 च्या बाजूला सरकला होता. त्याच्या डावीकडे काहीतरी असल्याशिवाय तो असा सरकणार नाही. मधोमध बसला आहे तो -2, आपल्याला दिसतोय त्यातला फक्त 2.

एवढ्यावर उत्तर देता आलं असतं, पण संशयाच्या जागी m लिहून गणित एकदा पुरं करून घेणं मला जास्त पटतं. दुसरी दिशा (1, m, 2) धरली की क्रॉस प्रॉडक्ट (6+m, -5, 2m-3) येतो आणि (3, 1, 1) शी डॉट घेतला की

```
3(6+m) - 5 + (2m-3) = 10 + 5m
```

हे शून्य होतं फक्त m = -2 ला. m = 2 ला 20, m = 3 ला 25, m = 7 ला 45. समांतर नसल्याचं x आणि z वरूनच ठरलंय, म्हणून m काहीही असला तरी त्यात फरक पडत नाही. म्हणजे त्या जागी -2 सोडून कुठलाही आकडा वाचला तरी रेषा स्क्यूच निघणार.

फोटोवरून सोडवताना धोका इथे आहे. चुकीचं वाचन जवळजवळ नेहमी एकाच बाजूला ढकलतं. छेदणाऱ्या रेषांमध्ये एखादं चिन्ह गेलं किंवा 1 चा 7 झाला तर त्या बहुधा स्क्यू होतात. स्क्यू रेषा वाचनाच्या चुकीने नेमक्या छेदू लागणं फारच क्वचित. म्हणून धूसर फोटोवरून डिटरमिनंट शून्य आला तर मी बराचसा निर्धास्त असतो. स्क्यू आलं तर मात्र प्रत्येक चिन्ह पुन्हा बघतो. आणि उत्तर नीटनेटकं आलं म्हणून वाचन बरोबर, हाही पुरावा नव्हे. माझं चुकलेलं 2√10/3 कुठल्याही उत्तरसूचीत शोभलं असतं.

मुलीला सांगितलं, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे तो दाबला जात नाही. शिवाय सहाही छेद चिन्हासकट टाइप कर. तिने लिहिलं: 2, 3, 1 आणि 1, -2, 2. मूळ फोटोत मायनस होता, केसाएवढा, रेघेला जवळपास चिकटलेला.

मग तिला डिटरमिनंट बाजूला ठेवून दुसऱ्या वाटेने करायला लावलं. पहिल्या रेषेवरचा बिंदू (1+2λ, -2+3λ, 3-λ), दुसरीवरचा (4+μ, -1-2μ, 4+2μ). ज्या निर्देशकाबद्दल शंका होती तो y; म्हणून λ आणि μ काढायचे x आणि z वरून, आणि ताळा y ने घ्यायचा. x वरून μ = 2λ - 3. ते z मध्ये घातलं की 3 - λ = 4λ - 2, म्हणजे λ = 1 आणि μ = -1. आता y: पहिल्या रेषेवर -2 + 3 = 1, दुसरीवर -1 + 2 = 1. जुळलं. छेदात +2 असता तर दुसऱ्या बाजूला -3 आला असता.

छेदबिंदू (3, 1, 2). तो मूळ समीकरणांत टाकून बघ म्हटलं. पहिल्यात तिन्ही अपूर्णांक 1 आले, दुसऱ्यात तिन्ही -1. थोड्या वेळाने तिचा मेसेज आला: "सर, पुढच्या उदाहरणात पण 2-y आहे. तिथेही मी तेच केलंय."