६१२ पानांची फाइल आणि माझा "तपासले" हा शब्द

मी सांगलीत एका वकिलांकडे ज्युनिअर आहे, विजयनगरला कोर्टाजवळच ऑफिस. जमीन घेणारा माणूस आला की टायटल बघून सारांश करायचं काम बहुतेक माझ्याकडेच येतं. त्या दिवशी तासगाव तालुक्यातली द्राक्षबागेची एक जमीन होती, ती घेणारे काका संध्याकाळी पाचला येणार आणि दुसऱ्या दिवशी विसार देणार, आणि फाइल हातात पडली सकाळी अकराला. स्कॅन केलेली पीडीएफ, ६१२ पानं, क्रम असा काही नाहीच, सातबारे मधेच, खरेदीखत मधेच, एका फेरफारचं पान चक्क उलटं.

साडेतीनपर्यंत मी दोन पानांचा छान सारांश केला. शेवटचं वाक्य होतं, "उतारे व फेरफार तपासले, मालकीत दोष अगर बोजा आढळला नाही." सरांनी वाचलं आणि "तपासले" खाली पेनानं रेघ मारली. "कुठले फेरफार? सगळे?"

सगळे नव्हतेच वाचले. आणि "बोजा" हा शब्द तर मी Ctrl+F करून शोधला होता, टाइप केलेल्या पानांत सापडला तो सोसायटीच्या कर्जाचा, फेडलेला. पण स्कॅन म्हणजे फोटो ओ, त्यात हाताने लिहिलेला बोजा कॉम्प्युटरला कुठनं दिसणार? हस्तलिखित पानांसाठी तो शोध म्हणजे शोधच नव्हता, आणि मी मात्र "आढळला नाही" लिहून मोकळी!

सर ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, पानं मोज. मोजली. टाइप केलेली २१४, ती अक्षरन् अक्षर वाचलेली. सातबारे २६०, त्यात मी फक्त कब्जेदाराचं नाव आणि इतर हक्क बघितलेले, पिकांच्या नोंदी बघितल्याच नाहीत (वहिवाट कुणाची होती ते तिथंच कळतं कधीकधी, म्हणजे ते पण सांगायलाच पाहिजे). हस्तलिखित फेरफारांची ९७ पानं, त्यातली ३१ वाचलेली, ६६ राहिलेली. आणि मोडीतली ४१, ती मला येतच नाही.

पण काकांना "६६ पानं राहिली" सांगून काय उपयोग, त्यांना कसं कळणार त्यात काय असू शकतं. मग सरांनी एक सोपी युक्ती दाखवली. सातबाऱ्यावर नावाशेजारी गोल करून आकडा असतो ना, तो फेरफारचा नंबर, म्हणजे हे नाव कशामुळं लागलं त्याचा पत्ता. सगळे गोल आकडे एका कागदावर काढायचे आणि जो फेरफार वाचलाय त्याच्यावर काट मारायची. काट न मारलेले सात उरले. त्यातले सहा न वाचलेल्या पानांत होते आणि एक, ४०२ नंबर, अख्ख्या फाइलमध्येच नव्हता. सर म्हणाले हे दोन वेगळे लिही, न वाचलेला मी वाचू शकते, नसलेला तलाठ्याकडनं आणायला लागतो.

उरलेल्यात ११८७ होता. तो ज्या नावाशेजारी होता ते विकणाऱ्याच्या वडिलांचं, म्हणजे सगळी मालकी जिथून येते तेच नाव.

मग सारांशाच्या वरच, पहिल्याच ओळीपासून लिहिलं की ६१२ पैकी किती पानं पूर्ण वाचली, कशात काय तेवढंच बघितलं, कुठली वाचलीच नाहीत, सहा नंबर कुठले, ४०२ मिळालेला नाही. आणि खालचं वाक्य असं केलं, "वाचलेल्या पानांत चालू बोजा आढळला नाही. ११८७ वाचल्याशिवाय एकट्याची मालकी आहे असं म्हणता येत नाही."

काका आले, चष्मा लावून वरचा भाग वाचला आणि तोंड वाकडं केलं. "मॅडम, म्हणजे निम्मं वाचलंच नाही म्हणा की." मी म्हटलं हो, आणि घाम फुटला मला. दोन दिवस द्या म्हटलं. ते कुरकुरत का होईना विसार थांबवायला तयार झाले.

दुसऱ्या दिवशी ११८७ वाचला. १९७१ ची वारसनोंद, शाई फुटलेली, तीनदा झूम केल्यावर लागली. विकणाऱ्याचे आजोबा वारले, वारस दोन मुलगे, तीन मुली, आणि नाव लागलं थोरल्याचं, पुढं बारीक अक्षरात "ए.कु.मॅ.", म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पुढं कधीतरी सातबारा नव्याने लिहिताना ती तीन अक्षरं गळाली आणि मॅनेजर मालक झाला, ती काढल्याचा फेरफार काही सापडत नाही.

एवढ्यावरनं व्यवहार बुडाला असं नाही, धाकट्या भावाचं वाटप आणि बहिणींचं हक्कसोडपत्र झालेलं असू शकतं, ते दस्त नोंदणी ऑफिसच्या इंडेक्स टू ला बघायचं होतं. मी काकांना फोन करून ११८७ वाचून दाखवला. थोडा वेळ गप्पच होते. मग म्हणाले, "आणि ते मोडीतलं? त्याला माणूस बघा, पैसे देतो मी."