बाई आल्या की बाई आली

आमच्या इंदूरच्या घरी दूरध्वनी वाजला की गोंधळ ठरलेलाच असे. आई मराठी शाळेत शिक्षिका होती आणि तिचे जुने विद्यार्थी तिला अजूनही 'बाई' म्हणतात. त्यांच्यापैकी कोणी एकदा हिंदीतून विचारले, "बाई हैं क्या?" आणि फोन उचललेल्या शेजारच्या काकूंनी निरागसपणे सांगून टाकले, "बाई तो बर्तन करके चली गई." मराठीत ज्या शब्दाने शाळेतला वर्ग उठून उभा राहतो, तोच शब्द इथल्या हिंदीत भांडी घासणाऱ्या स्त्रीसाठी वापरला जातो.

गेल्या वर्षी एका मराठी कथेचा हिंदी अनुवाद करताना हाच शब्द पहिल्याच पानावर माझ्यासमोर उभा राहिला. खेड्यातल्या शाळेच्या दारात एक मुलगा विचारतो, "बाई, आत येऊ?" गुरुजींचा प्रश्न नव्हता, कारण हिंदीतही गुरुजी हे गुरुजीच राहतात. बाईंसाठी मात्र आधी मी 'मैडम' लिहिले. त्याबरोबर त्या मातीच्या भिंतींना इंग्रजी माध्यमाचा रंग चढला आणि नऊवारी नेसणाऱ्या त्या शिक्षिकेच्या हातात उगाच पर्स आल्यासारखे वाटले. मग 'बहनजी' लिहून पाहिले. काळ जुळला, हुद्दाही जुळला, पण कथा सातपुडा ओलांडून थेट उत्तर प्रदेशातल्या कन्या पाठशाळेत जाऊन बसली. अखेर मी 'बाई' हाच शब्द ठेवला आणि तळटीप न देता पहिल्या उल्लेखाच्या वाक्यातच त्याची ओळख करून दिली: "शाला की शिक्षिका, जिन्हें पूरा गाँव बाई कहता था." एवढे वाक्य इंदूरच्या वाचकाला लागलेही नसते, पण पाटण्याच्या वाचकाला लागले असते.

शब्द ठेवला म्हणजे काम संपले, असे मात्र नसते, कारण आपल्याकडे मान केवळ संबोधनात नसतो, तो क्रियापदातही असतो. मराठीत 'बाई आल्या' म्हटले की शिक्षिका आल्या आणि 'बाई आली' म्हटले की कामाची बाई आली, हे कोणालाही सांगावे लागत नाही. हिंदीत हा सारा फरक एका अनुस्वारावर तोललेला आहे. 'बाई आईं' म्हणजे शिक्षिका आणि 'बाई आई' म्हणजे दुसरी कोणी. इंग्रजीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांना मिळून एकच सर्वनाम आहे, त्यामुळे तिथे 'सर' आणि 'मॅडम' यांना अदबीचा बराच भार उचलावा लागतो. म्हणूनच इंग्रजीतून मराठीत येताना दुकानदाराच्या तोंडचा प्रत्येक 'सर' आणण्याची गरज मला वाटत नाही, 'काय दाखवू आपल्याला?' यात तो आलेलाच असतो.

त्याच कथेतल्या 'साहेब' या शब्दाने माझी अशीच, पण उलट्या बाजूने परीक्षा घेतली. कारकून म्हणतो, "साहेब आले," आणि पुढच्या पानावर एक म्हातारा म्हणतो, "साहेब गेला, पण त्याचा बंगला राहिला." पहिला साहेब कचेरीतला अधिकारी आहे, त्याला अनेकवचनाचा मान आहे, आणि हिंदीत 'साहब आए' सहज चालते. दुसरा एकवचनी साहेब म्हणजे इंग्रज. तिथे मी शब्द न ठेवता अर्थ घेतला आणि 'अंग्रेज़ गया' असे लिहिले. कथेतले आप्पासाहेब मात्र आप्पासाहेबच राहिले, कारण त्यांच्या नावातले 'साहेब' ही पदवी उरलेली नाही, ते नावच झाले आहे. त्यांना 'आप्पासाहब' केले असते, तर ते उर्दू मुशायऱ्याला निघाल्यासारखे दिसले असते.

जागेचेही महत्त्व आहेच. होळकर संस्थानचे पंतप्रधान 'सर सिरेमल बापना' यांच्या नावामागचा 'सर' हा किताब आहे, पण तोच शब्द पुढे नेऊन 'बापना सर' केले, की ते गणिताची शिकवणी घेऊ लागतात. (आमच्या विद्यापीठाच्या नावात 'देवी अहिल्या' एवढेच आहे आणि विमानतळाच्या नावात मात्र 'बाई' आहे, हे मी येता-जाता उगाचच बघत असतो.)

अनुवाद छापून आला तेव्हा पहिली प्रत मी आईला दिली. तिने चष्मा लावला आणि सवयीने लाल पेन हातात घेतले. सातव्या पानावर मुद्रकाने एक अनुस्वार खाल्ला होता. तिने त्या जागी लाल गोल केला, पान माझ्यापुढे धरले आणि विचारले, "ही कोण आली रे?"