गाळा नको, करार धरा

"दादा, गल्फमधून कायमचा परत आलोय. गाठीला थोडे पैसे आहेत. मुंबईत कुठला धंदा टाकू?"

तिकडे तुमच्या हाताने जे काम केलं, तेच इथे करा. मी दोहात 14 वर्षं एसी मेकॅनिक होतो. परतल्यावर घरचे म्हणाले, हॉटेल टाक. भांडुपला गाळा बघितलाही. डिपॉझिट, भाडं आणि भटारखाना यांतच निम्मी बचत गेली असती, तीही पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी. हॉटेलातलं मला काही कळतही नव्हतं.

मग एसीच्या वार्षिक देखभालीचे करार घ्यायला लागलो. गिऱ्हाईक म्हणजे दवाखाने, सीएंची ऑफिसं, क्लासेस. एका मशीनचे वर्षाला 2,400 रुपये, त्यात 3 सर्व्हिस. दुसऱ्या वर्षी 150 मशीन झाली, म्हणजे 3,60,000 रुपये. सर्व्हिस होतात 450. मी आणि एक मदतनीस दिवसाला 6 करतो, तर 75 दिवसांत काम आटोपतं. एवढ्यावर मदतनिसाचा पगार आणि पेट्रोल निघतं, पण घर चालत नाही. घर चालतं उरलेल्या दिवसांतल्या दुरुस्त्यांवर, आणि त्या याच गिऱ्हाइकांकडून येतात. मार्च ते मे फोन थांबत नाही, पाऊस लागला की शुकशुकाट. करारातल्या दोन सर्व्हिस मी मुद्दाम पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर ठेवतो.

परदेशचा अनुभव कामी येतो तो गळतीत. खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची कॉइल खाल्ली जाते. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतोय, सांध्यावर तेलाचा डाग दिसतोय, तर गळती आहे हे धरून चाला. सीलबंद यंत्रणेतला गॅस आपोआप संपत नाही. तरी बरेच जण नुसता गॅस भरून जातात. मी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने गळती शोधतो, जोड भरतो, पंपाने व्हॅक्यूम काढतो आणि मगच काट्यावर मोजून गॅस भरतो. यात अर्धा दिवस जातो, पण पुढच्या वर्षी तो माणूस करार मोडत नाही.

एक चूक मला महागात पडली. एका ऑफिसचा सुट्या भागांसकट करार घेतला, मशीन जुनी आहेत का ते न बघता. मे महिन्यात दोन कॉम्प्रेसर गेले आणि त्या कराराची वर्षाची कमाई त्यातच बुडाली. तेव्हापासून पहिली 2 वर्षं फक्त मजुरीचा करार करतो. सुट्या भागांचं बिल वेगळं.

पैशांचं म्हणाल तर वर्षभराचा घरखर्च आधी बाजूला काढा, हत्यारं उरलेल्यातून घ्या. परत आल्याचं बँकेला लगेच कळवा. एनआरई खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते निवासी खात्यात बदलावं लागतं किंवा पैसे आरएफसी, म्हणजे परतलेल्यांसाठीच्या परकीय चलनाच्या खात्यात वळवता येतात. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी फुकट होते, ती पहिल्याच आठवड्यात करा. लेखी करार असला तरी नोंदणीकृत लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांत चुकतं करावं, असा कायदा आहे, आणि ऑफिसांकडे पैसे मागताना तो दाखवता येतो.