मरीन लाइन्स ते बाणगंगा: दीडशे रुपयांचा नकाशा आणि गिरगावातली ती एक गल्ली

मला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. जन्मापासूनच. सिग्नलवर वरचा दिवा, खालचा दिवा असं बघून निभतं, पण नकाशात वर-खाली काही नसतं.

एका आयोजकांकडून पदयात्रेचा छापील नकाशा दीडशे रुपयांना घेतला. A4, गुळगुळीत कागद, पोपटी पार्श्वभूमी. चालायचा मार्ग हिरवा, रस्ता खोदल्यामुळे टाळायची गल्ली लाल. दोन्ही रेषा सारख्याच जाडीच्या आणि सारख्याच गडद. मला दोन्ही शेवाळी दिसल्या. ठाकूरद्वारच्या पुढे त्या एका गल्लीच्या अंतरानं समांतर जातात, आणि मी पाच जणांना घेऊन थेट खड्ड्याच्या पत्र्यांपर्यंत गेलो. परत फिरताना मेहुणा म्हणाला, "भावजी, लाल लिहिलंय ना?" लिहिलं नव्हतं, रंगवलं होतं.

गिरगावातून बाहेर पडल्यावर चौपाटीपर्यंतचा आणि पुढचा वाळकेश्वरचा टप्पा सोपा आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. घात झाला तो गिरगावातच.

नावांचीही तीच गत. ठाकूरद्वारच्या खालून रस्त्याची रेषा गेली होती, तिनं उकार गिळला आणि उरलं ‘ठाकरद्वार’. खोताची वाडी हे नाव दोन गल्ल्यांच्या मधोमध. आत शिरायचं कुठून? गिरगाव चौपाटीचं नाव अर्धं वाळूवर, अर्धं पाण्यात, आणि किनाऱ्याची रेषा शिरोरेषेला चिकटलेली.

घरी येऊन पट्टी लावली. नकाशावर ‘1 सेमी = 100 मीटर’ छापलेलं, म्हणजे 500 मीटरची मोजपट्टी 5 सेमी हवी. भरली साडेतीन. म्हणजे A3 साठी केलेला नकाशा A4 वर बसवून छापला होता. त्यात सगळं 0.7 पटीला येतं, आठ पॉइंटचं अक्षर 5.7 वर. रोमन लिपी एवढ्यात कशीबशी तग धरते. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असल्यामुळे मधल्या अक्षराला जागाच उरत नाही. चालताना वाचायचं तर छापून आल्यावर आठ पॉइंटच्या खाली जाऊ नका.

पुढच्या रविवारी QGIS या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः नकाशा केला. मार्गाला निळा `#0072B2` आणि टाळायच्या गल्लीला नारिंगीकडे झुकणारा लाल `#D55E00` घेतला. हे दोन्ही ओकाबे आणि इतो या जपानी संशोधकांच्या रंगसंचातले आहेत. लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्याला निळा आणि नारिंगी वेगळे दिसतात. पण नुसत्या रंगावर विसंबलो नाही. मार्ग 1.2 मिमी जाड आणि सलग ठेवला, बंद गल्ली बारीक, तुटक आणि वर फुल्या. बारीक रेषेत रंग चांगल्या डोळ्यालाही फिका वाटतो. पार्श्वभूमी फिकट राखाडी केली, पोपटी तर मुळीच नाही.

QGIS च्या View मेनूतल्या Preview Mode मध्ये Protanopia म्हणजे लाल न जाणवणारी आणि Deuteranopia म्हणजे हिरवा न जाणवणारी नजर, दोन्ही लावून बघा. शिवाय एक काळी-पांढरी झेरॉक्स काढा. तीत दोन रेषा एक झाल्या तर त्यांचा गडदपणा सारखा आहे, आणि मग त्यांना रंगाचाच आधार उरतो. झेरॉक्स पुरेशी मात्र नाही. काहींना लाल खरोखरीपेक्षा फार काळपट दिसतो, ते झेरॉक्समध्ये कळत नाही. म्हणून मला बसवून विचारा, किंवा तुमच्या ओळखीच्या अशा माणसाला.

गिरगाव मोठं करून कागदाच्या मागच्या बाजूला घेतलं. चार मीटरची गल्ली 1:15,000 ला जेमतेम पाव मिलिमीटर होते, तिथे नाव बसवायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. 1:2,500 ला ती 1.6 मिमी होते आणि नाव तिच्या शेजारी बसतं. ठिकाणाचं नाव शक्यतो ठिपक्याच्या उजवीकडे थोडं वर ठेवलं. तिथे गर्दी असेल तर उजवीकडे खाली, पण ठिपका आणि नावाच्या मधून रस्ता जाता कामा नये. अक्षरांभोवती पार्श्वभूमीच्याच रंगाची 0.4 मिमी कडा दिली, त्यामुळे उकार वाचले. पांढरी कडा दिली होती, ती राखाडीवर पट्टी चिकटवल्यासारखी दिसली, काढून टाकली. चौपाटीचं नाव पूर्ण समुद्रात टाकलं. मुंबईच्या पश्चिमेला एवढी मोकळी जागा पडलीय, वापरा की.

दुसऱ्या फेरीत मेहुण्यानं नकाशा माझ्याच हातात दिला आणि फुल्यांची गल्ली मी लांबूनच टाळली. बाणगंगेच्या पायऱ्यांवर बसलो तेव्हा पहिल्या नकाशाचे दीडशे रुपये आठवून पुन्हा चिडलो. माझा रंगीत, दोन्ही बाजूंनी वीस रुपयांत झाला.

छापायला देताना चकचकीत कागद नको म्हणून सांगा, उन्हात त्यावर फक्त आकाश दिसतं. ‘फिट टू पेज’ बंद करायला लावा, आणि दुकानातून निघण्याआधी मोजपट्टीला पट्टी लावून बघा.