भांडी वाजली तेव्हा पडद्यावर काय दाखवायचं

मंगळवार, रात्री

घरच्या फिल्मसाठी घेतलेली आत्याची मुलाखत आज नुसती ऐकली, पडदा झाकून. फोटो हाताशी असले की हात आधी फोटोंकडेच जातो, आणि मग गोष्ट फोटोंच्या मागे फरफटत येते. म्हणून आधी आवाजाचाच सांगाडा लावायचा ठरवलंय. डोळे मिटून ऐकताना जी गोष्ट कळते, तीच पडद्यावरही कळेल. दोन तासांच्या बोलण्यातून पहिला तुकडा निवडला तो १९६९च्या महापुराचा. सराफ बाजाराजवळच्या बोळात आमचा वाडा होता, तिथे गंगा घरात आली ती गोष्ट. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, आत्या तर दुसरं काही म्हणतच नाही.)

रेकॉर्डिंग ऐकताना बरं वाटलं ते एका गोष्टीचं. मुलाखतीच्या वेळी अल्बम कपाटात ठेवला होता. आत्या दोनदा म्हणाली, "अगं तो काळा अल्बम काढ ना, दाखवते." मी म्हटलं, उद्या. मांडीवर अल्बम आला की माणूस खाली बघतो, आवाज छातीत जातो, आणि गोष्टीऐवजी हजेरी सुरू होते: ही शकू, हा दादा, ही कोण बाई आठवत नाही. ती हजेरीही हवीच, पण ती दुसऱ्या दिवशी, फोनवर नुसता आवाज घेऊन. त्यातूनच तर फोटोंच्या नोंदी तयार झाल्या.

माझा आवाज फिल्ममध्ये नको आहे, त्यामुळे प्रश्नही जपून विचारावे लागले. "पाणी कुठपर्यंत आलं होतं?" असं विचारलं की उत्तर येतं, "तिसऱ्या पायरीपर्यंत." प्रश्न कापला की हे वाक्य लंगडं. "पाणी आलं ती रात्र पहिल्यापासून सांग ना" म्हटलं की ती स्वतःच गाव, वाडा, जिना, पायरी सगळं मांडत जाते.

बुधवार

दिवसभर स्कॅनिंग. काळ्या पानांच्या अल्बममध्ये काही फोटो कोपऱ्यांत अडकवलेत, ते अलगद निघाले. काही मात्र खळीने चिकटवलेत. ते ओढायचे नाहीत. ओढले की मागचा कागद सुटतो, नाहीतर फोटोच दुमडून फाटतो. मी अख्खं पानच स्कॅनरवर उपडं ठेवलं.

बाबांच्या क्लिक कॅमेऱ्यातले फोटो चौकोनी आणि चिमुकले, जेमतेम सव्वादोन इंचांचे. ३०० डीपीआयला स्कॅन केले तर पावणेसातशे पिक्सेलच मिळतात, आणि माझी फिल्म १९२० पिक्सेल रुंद. चेहऱ्याजवळ जायचं म्हटलं तर निव्वळ धुकं. १२०० डीपीआयला तोच फोटो २,७०० पिक्सेलचा होतो आणि थोडं आत शिरता येतं. त्यापुढे आकडा वाढवून उपयोग नाही, कागदातच तेवढा तपशील नसतो. फक्त फायली फुगतात. लग्नातले फोटो पोस्टकार्ड साइजचे, साडेपाच इंच रुंद. त्यांना ६०० पुरलं.

चौकोनी फोटो आडव्या पडद्यात बसवताना वरखाली कापायचे नाहीत हेही आजच ठरवलं. बाजूला काळं राहिलं तर राहू दे. कापल्यावर बाबांच्या फोटोंतले पाय जातात, आणि अनवाणी आहे की चपला घातल्यात हे त्या काळच्या फोटोत बघण्यासारखं असतं.

फोटोंच्या मागची बाजूही स्कॅन केली. कुठे स्टुडिओचा शिक्का, कुठे पेन्सिलीत महिना. एका फोटोमागे फक्त "मांडणी नवीन, १९६६".

शुक्रवार

आज खरी गंमत. आत्याचं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य हे आहे: "पाणी चढताना आवाज येत नाही गं. स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागली, तेव्हा कळलं."

माझ्याकडे त्या स्वयंपाकघराचा फोटो आहे. तोच, १९६६चा. आजी नव्या मांडणीशेजारी उभी, मागे पितळी डबे आणि तांबे ओळीने, खालच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या. कुणालाही वाटेल, "भांडी वाजायला लागली" म्हटलं की हा फोटो टाकावा. टाकून पाहिला. वाक्य मेलं. ऐकणारा अंधारात भांड्यांचा आवाज ऐकत असतो, आणि आपण त्याला भर उजेडात घासलेली, जागच्या जागी असलेली भांडी दाखवतो. शिवाय आजी हसतेय. आणि फोटो तीन वर्षं आधीचा, बघणारा मात्र तो पुराच्या रात्रीचा समजणार.

मग फोटो दोन वाक्यं मागे नेला. तिथे आत्या नुसतं सांगतेय, "स्वयंपाकघर खाली होतं, जिन्याला लागून. आईची मांडणी दारासमोरच." तिथे फोटो, कोपऱ्यात लहान अक्षरांत "१९६६". आठ सेकंद ठेवला, आणि तेवढ्यात जेमतेम पाच टक्के आत सरकवला. जास्त सरकवलं की फोटो अंगावर येतो. आणि प्रत्येक फोटो आत आत जायला लागला की डोळे शिणतात, म्हणून बाकीचे बरेचसे स्थिरच ठेवलेत. मग पडद्यावर परत आत्याचा चेहरा, आणि भांडी वाजतात ती तिच्या तोंडून. बघणाऱ्याला तोवर मांडणी कुठे आहे, तिच्यावर काय काय आहे, हे माहीत झालेलं असतं. आता ती भांडी त्याच्या डोक्यात वाजतात. फोटो शब्दावर नाही, शब्दाच्या आधी हवा होता.

फोटोचा दुसरा उपयोग जरा आतल्या गोटातला. आत्या एक वाक्य पहिल्या पंधरा मिनिटांत बोलली, त्याचं शेपूट तासाभराने. दोन्ही जोडले की चेहरा टचकन उडतो, डोक्यावरचा पदर क्षणात खांद्यावर. तिथे फोटो टाकला की सांधा झाकतो. आवाजाचा सांधा झाकायला त्याच खोलीतली शांतता लागते. मुलाखत संपल्यावर पंखा बंद ठेवून सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प बसवलं होतं, ते कामी आलं. कापलेल्या जागी ती शांतता भरली नाही तर कानाला खड्डा जाणवतो.

पण हे फार सोपं पडतं, हीच त्यातली मेख आहे. "आम्ही सगळे माळ्यावर गेलो" आणि "आई परत खाली उतरली, बरणी आणायला" ही वाक्यं वेगवेगळ्या वेळची. जोडली तर आजी पाण्यात बरणीसाठी गेली असा अर्थ होतो. आत्याला फोन केला. म्हणाली, "छे! बरणीला उतरली ती दुसऱ्या दिवशी. चिखल होता, पाणी नव्हतं." सांधा काढून टाकला. प्रसंग जरा फिका झाला, होऊ दे.

शनिवार

पुराच्या रात्रीचा आमच्याकडे एकही फोटो नाही. कसा असेल? कॅमेराच माळ्यावर गाठोड्यात होता. चुलतभावाने लगेच एक पाठवला, "१९६९, दुतोंड्या मारुती बुडाला" असं लिहिलेला. मारुती पाण्यात आहे खरा. पण मागे काठावर फ्लेक्सचा बोर्डही आहे. १९६९ला कुठला आलाय फ्लेक्स? रामकुंडाजवळचा हा मारुती म्हणजे नाशिककरांची पूर मोजायची पट्टी, कमरेला पाणी, छातीला पाणी असंच बोलतात. त्यामुळे मोठा पूर आला की त्याचे ढिगाने फोटो निघतात, २००८चे तर असंख्य. कुणी कुठल्या वर्षाचा कुठे चिकटवेल सांगता येत नाही. आणि काढणाऱ्याला न विचारता वापरायचा कसा, हा प्रश्न उरतोच.

त्या जागी मी आज काढलेला साधा शॉट वापरतेय: सराफ बाजारातून गंगेकडे उतरणारा रस्ता, सकाळी दुकानं उघडायच्या आधी. तो आजचा आहे हे उघड दिसतं, कुणाची फसगत होत नाही.

पण पूर सापडला, भलत्याच फोटोत. आत्याचं लग्न पुढच्याच उन्हाळ्यात, १९७०ला, वाड्याच्या चौकात झालं. त्या फोटोत मागच्या भिंतीवर एक आडवी काळसर रेघ आहे. हातातल्या फोटोत ती सावलीच वाटते. स्कॅन मोठा करून पाहिला तर रेघेच्या खाली चुन्याचे पोपडे, वर भिंत साफ. माणसं हलली तरी रेघ हलत नाही, शेजारच्या फोटोतही ती त्याच उंचीवर. आत्याला दाखवलं तर म्हणाली, "हो, पुराचीच ती. लग्नाआधी रंग काढायचा होता, पण दादांकडे पैसे कुठे होते तेव्हा!" ही गोष्ट मुलाखतीत नव्हतीच. फोटोने काढली.

आता पंचाईत अशी की रेघ नवरदेवाच्या कमरेला आहे, म्हणजे तीन फुटांच्या वर. आत्या म्हणते तिसरी पायरी, म्हणजे सव्वादोन फूट फार तर. कोण चुकतंय? बांधकामातला भाऊ म्हणाला, कुणीच नाही. जुन्या विटाचुन्याच्या भिंतीत ओल वर चढते, पाणी ओसरल्यावरही. डाग पाण्याच्या पातळीपेक्षा फूटभर वर सहज जातो. म्हणजे डाग ही पाण्याची उंची नव्हे. मी तिचं वाक्य तसंच ठेवलं, आणि रेघेचा फोटो पुराच्या वर्णनावर न टाकता लग्नाच्या भागात, "पैसे कुठे होते" या तिच्या वाक्याआधी टाकला. खाली फक्त "१९७०".

सोमवार

आत्याकडे जाऊन पुराचा तुकडा दाखवला. टीव्हीला लावला. चुलतभाऊ तिथेच होता. त्याचं म्हणणं, पुराला पाण्याचा घोंघावता आवाज टाक, मागे बासरी टाक. आत्या त्याच्याकडे बघून म्हणाली, "अरे, आवाज आला नाही हेच तर मी सांगतेय मघापासून!"

तिने दोन बदल सांगितले. दादांचा बंडीतला फोटो काढायचा, ते बंडीवर बाहेर कधी जात नसत. आणि शेजारच्या काकूंचं नाव फोटोखाली हवं, कारण त्यांच्याच माळ्यावर सगळे रात्रभर होते. पहिला बदल मला पटला नाही, फोटो फार छान आहे. पण वडील तिचे. काढला. काकूंच्या लेकाला फोन करून नावाबद्दल विचारलं, तो लगेच हो म्हणाला.

रात्री फायली लावल्या. न कापलेली मुलाखत वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिची एक प्रत भावाकडे. फोटोंची नावं वर्षापासून सुरू होतात, आणि सोबत एक साधी मजकुराची फाइल: कोण, कुठे, कुणी सांगितलं, खात्रीचं की अंदाजाचं. बरणीचं वाक्य "दुसऱ्या दिवशी" अशी नोंद करून तिथेच ठेवलंय. पुढचा तुकडा कुंभमेळ्याचा, १९५६चा. त्याचे फोटो आत्याच्या नणंदेकडे आहेत म्हणे.