४.७४ चा मोह

“मॅडम, अ‍ॅसेटिक आम्ल सौम्य आहे, दोन्ही द्रावणं सारख्याच मापाची घेतलीत. मग बफर धरून ४.७४ निवडलं तर चुकलं कुठे?”

तुम्ही विचारलंत म्हणून आधी एक कबुली देते. शिकत असताना एका परीक्षेत मीही हाच पर्याय निवडला होता, आणि तोही अर्ध्या मिनिटात. आपल्याला सूत्र आठवलं याचाच आनंद इतका होता की बीकरमध्ये नेमकं काय उरलंय हे बघायचं राहूनच गेलं.

प्रश्न असा होता: ५० मिलिलिटर ०.१ मोलर अ‍ॅसेटिक आम्लात ५० मिलिलिटर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड मिसळलं, तर द्रावणाचा पीएच किती? पर्याय चार: २.८७, ४.७४, ७.०० आणि ८.७२. अ‍ॅसेटिक आम्लाचा Ka १.८ × १०⁻⁵ दिलेला, म्हणजे पीकेए ४.७४. असे पर्याय कुणी डोळे मिटून लिहीत नाही. त्यातला प्रत्येक चुकीचा आकडा एकेका गैरसमजासाठी मांडून ठेवलेला असतो. ज्याला हायड्रॉक्साइड दिसतच नाही तो २.८७ वर जातो, कारण नुसत्या ०.१ मोलर अ‍ॅसेटिक आम्लाचा पीएच तेवढा असतो. आम्ल आणि आम्लारी सारखे म्हणजे उदासीन असं ज्याच्या डोक्यात पक्कं बसलंय तो ७ वर. आणि ज्याने बफरचा धडा नुकताच वाचलाय तो आमच्यासारखा ४.७४ वर.

आम्ही काय केलं होतं ते नीट बघा. हेंडरसन–हॅसलबाल्क सूत्र लिहिलं:

pH = pKa + log([A⁻]/[HA])

खाली आम्ल, ५ मिलिमोल. वर ‘आम्लारी’, तेही ५ मिलिमोल. गुणोत्तर १, लॉग शून्य, उत्तर ४.७४. हिशोब अगदी गुळगुळीत. फक्त वर बसवलेलं आम्लारी सोडियम हायड्रॉक्साइड होतं, आणि सूत्रात त्याला जागाच नाही. तिथे बसतो तो त्याच आम्लाचा संयुग्मी आम्लारी, म्हणजे अ‍ॅसेटेट. हायड्रॉक्साइड हा या सूत्रातला भिडू नाहीच. तो बाहेरून येतो, आम्लाशी अभिक्रिया करतो आणि संपतो.

संपतो, हा शब्द महत्त्वाचा. सौम्य आम्ल पाण्यात फारसं फुटत नाही, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते हायड्रॉक्साइडशीही अर्धवटच वागेल असं वाटत राहतं. तसं होत नाही. CH₃COOH + OH⁻ → CH₃COO⁻ + H₂O या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक Ka भागिले Kw, म्हणजे १.८ × १०⁹ इतका येतो. समतोलाचा काटा इतका उजवीकडे झुकलेला असला की अभिक्रिया पूर्ण झाली असंच धरायचं. आम्लाचं सौम्यपण पाण्यासमोर. हायड्रॉक्साइडसमोर ते सगळं देऊन टाकतं.

म्हणून मी मुलांना सूत्राच्या आधी एक छोटा ताळेबंद मांडायला लावते, आणि तो मिलिमोलमध्ये. मोलॅरिटीत मांडला की मिसळल्यावर आकारमान दुप्पट होतं ते विसरायला होतं. आपल्या प्रश्नात सुरुवातीला आम्ल ५, हायड्रॉक्साइड ५, अ‍ॅसेटेट ०. अभिक्रियेनंतर आम्ल ०, हायड्रॉक्साइड ०, अ‍ॅसेटेट ५. बस. आता बीकरमध्ये बघितलं तर ते फक्त सोडियम अ‍ॅसेटेटचं द्रावण आहे, १०० मिलिलिटरमध्ये ५ मिलिमोल, म्हणजे ०.०५ मोलर. बाटलीतून सोडियम अ‍ॅसेटेट काढून पाण्यात विरघळवलं असतं तरी हेच मिळालं असतं. आम्ल होतं ते प्रश्नाच्या वाक्यात. द्रावणात ते आता नाही.

पुढचं गणित सरळ आहे. अ‍ॅसेटेट पाण्याकडून थोडे प्रोटॉन घेतो आणि तितकेच हायड्रॉक्साइड आयन मागे सोडतो. त्याचा Kb म्हणजे १०⁻¹⁴ भागिले १.८ × १०⁻⁵, साधारण ५.६ × १०⁻¹⁰. त्याला ०.०५ ने गुणून वर्गमूळ काढलं की हायड्रॉक्साइडची संहती ५.३ × १०⁻⁶ मोलर येते. पीओएच ५.२८, पीएच ८.७२. चौथा पर्याय.

इथे चौकस मुलं हमखास अडवतात, आणि त्यांचं अडवणं मला आवडतं. “पण मॅडम, अ‍ॅसेटेटने प्रोटॉन घेतले म्हणजे थोडं अ‍ॅसेटिक आम्ल पुन्हा तयार झालंच ना? मग दोन्ही आहेत की. सूत्र का चालत नाही?” चालतं! आम्लाची खरी संहती घाला: ५.३ × १०⁻⁶. अ‍ॅसेटेट ०.०५. गुणोत्तर साधारण साडेनऊ हजार, त्याचा लॉग ३.९८. पीकेए ४.७४ मध्ये तो मिळवला की ८.७२. सूत्र म्हणजे Ka ची व्याख्याच फिरवून लिहिलेली, ते खोटं बोलणार कसं? सूत्रात समतोलाच्या वेळच्या संहती घालायच्या असतात. बफरमध्ये आपण बाटलीवरचे आकडे घालून सुटतो, कारण तिथे दोन्ही घटक भरपूर असतात आणि समतोल साधताना त्यांच्यात जो फरक पडतो तो नगण्य असतो. एक घटक नाममात्र असला की ही सवलत जाते.

मग नाममात्र असला तर बिघडतं काय? बफर या शब्दाचा अर्थच तिथे बिघडतो. बफर म्हणजे बाहेरून आलेलं आम्ल वा आम्लारी पचवणारं द्रावण, आणि पचवायला साठा लागतो, दोन्ही बाजूंचा. आपल्या ८.७२ वाल्या बीकरमध्ये आणखी १ मिलिमोल हायड्रॉक्साइड घाला (इतकं कमी आकारमान की ते मोजायला नको असं धरू). त्याला संपवायला आम्ल शिल्लकच नाही, त्यामुळे पीएच १२ वर जातो. त्याऐवजी १ मिलिमोल हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर पीएच खाली ५.३४ वर येतो. दोन्ही बाजूंना तीनहून जास्त एककांची उडी. आता खरा बफर घ्या: १०० मिलिलिटरमध्ये १० मिलिमोल आम्ल आणि १० मिलिमोल अ‍ॅसेटेट. त्यात तेवढंच हायड्रॉक्साइड घातलं तर ११ भागिले ९, लॉग ०.०९, पीएच ४.८३. जेमतेम हलला.

ज्यांनी हे अनुमापन हाताने केलंय त्यांना तर कागद-पेनही नको. ५० मिलिलिटर आम्लात ब्युरेटमधून हाच ०.१ मोलर अल्क सोडत गेलात, तर ४९.९५ मिलिलिटरला पीएच ७.७४ असतो आणि ५०.०५ ला ९.७०. मध्ये फक्त दोन थेंब. त्या दोन थेंबांत फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी होतं, आणि समतुल्यता बिंदू ओळखण्यासाठी आपण ते वापरतो ते याच खड्या चढामुळे. म्हणजे ज्या जागेला आम्ही बफर म्हणत होतो ती संपूर्ण वक्रावरची सगळ्यात अस्थिर जागा आहे. याउलट २५ मिलिलिटरच्या आसपास दोन थेंबांनी पीएच ०.००३५ ने सरकतो, सूचकाला पत्ताही लागत नाही. तिथे आम्ल २.५ आणि अ‍ॅसेटेट २.५ मिलिमोल असतं, आणि पीएच असतो ४.७४. आमचा लाडका आकडा खरा होता. फक्त तो २५ मिलिलिटर अल्कानंतरचा होता आणि प्रश्नात ५० घातलं होतं.

नुसत्या अ‍ॅसेटिक आम्लालाही कधीकधी कुणीतरी बफर म्हणून जातं, कारण ते स्वतःच थोडं फुटून अ‍ॅसेटेट देतं. ०.१ मोलर द्रावणात तो अ‍ॅसेटेट असतो ०.००१३ मोलर. शंभर मिलिलिटरमध्ये १ मिलिमोल हायड्रॉक्साइड घातलं तर पीएच २.८७ वरून ३.७९ वर जातो. खऱ्या बफरच्या दसपट सरकणं. फॉर्मिक आम्ल आणि अ‍ॅसेटिक आम्ल एकत्र केलं तरी तेच: आम्लं दोन झाली म्हणून संयुग्मी आम्लारीचा साठा वाढत नाही. आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल असेल तर आणखी वाईट, कारण त्याचे प्रोटॉन असलेल्या अ‍ॅसेटेटलाही दाबून टाकतात. दोन्ही ०.१ मोलर असतील तर पीएच १ असतो आणि अ‍ॅसेटेट उरतो जेमतेम १.८ × १०⁻⁵ मोलर.

आता उलट बाजू, कारण एकदा हात पोळलेली मुलं तिथे फसतात. ५० मिलिलिटर ०.२ मोलर सोडियम अ‍ॅसेटेट आणि ५० मिलिलिटर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. यादीत सौम्य आम्लाचं नावही नाही, एक क्षार आणि एक तीव्र आम्ल. ताळेबंद मांडा: अ‍ॅसेटेट १०, प्रोटॉन ५. अभिक्रियेनंतर अ‍ॅसेटेट ५, अ‍ॅसेटिक आम्ल ५, मोकळे प्रोटॉन जवळजवळ नाहीतच. मागच्या वर्गचाचणीत मी हाच प्रश्न घातला आणि पर्यायांत मुद्दाम ४.७४ ठेवला. आधीच्या आठवड्यात त्या आकड्यावर गुण गमावलेल्या तिघांनी तो खोडून १.३० निवडला.