एकरकमी की दरमहा: सोनेतारण कर्जाचा माझा हिशेब

जून २०२४ मध्ये मुलीच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी मला दोन लाख रुपये हवे होते. हळदीचे पैसे हाती येणार ते पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये, आणि तोवर घर चालणार ते आमच्या वह्या-पुस्तकांच्या छोट्या दुकानावर. म्हणून आईच्या पाटल्या आणि गोठ घेऊन मी बँकेत गेलो. तिथल्या मूल्यांकन करणाऱ्या सराफाने दागिने कसोटीवर घासून पाहिले, वजन केले आणि गोठांत भरलेल्या लाखेचे वजन अंदाजाने वजा केले. घरी तोललेले वजन आणि त्याने मांडलेले वजन यांत त्यामुळे बराच फरक पडला. त्याने धरलेली किंमत ३,१०,००० रुपये झाली.

अधिकाऱ्याने दोन पर्याय सांगितले. दोन्हींचा दर साल १२ टक्केच होता. पहिल्यात दरमहा २,००० रुपये व्याज भरायचे आणि वर्षअखेर मुद्दल फेडायचे. दुसऱ्यात मधे काहीही न भरता बाराव्या महिन्यात सगळे एकदम द्यायचे, मात्र व्याज दरमहा मुद्दलात मिळवले जाणार. पहिल्यात एकूण व्याज २४,००० आणि दुसऱ्यात २५,३६५ रुपये. साहजिकच पहिला पर्याय १,३६५ रुपयांनी स्वस्त, असे मला वाटले आणि मी तोच घेणार होतो.

रात्री दुकान बंद केल्यावर संगणकावर तक्ता मांडला, तेव्हा ही तुलनाच चुकीची असल्याचे ध्यानात आले. दरमहा व्याज भरणारा माणूस बँकेला पैसे आधी देतो आणि ते २,००० रुपये त्याच्या हातून वर्षअखेरपर्यंत निघून गेलेले असतात. एकरकमी फेडीत तेच पैसे आपल्याकडे राहतात आणि बँक त्यांच्यावर व्याज लावते. वरचे १,३६५ रुपये म्हणजे या थांबवून ठेवलेल्या व्याजाचे व्याज. वेळेचा हिशेब धरला तर दोन्हींचा परिणामी वार्षिक दर १२.६८ टक्केच येतो.

मग शुल्क धरले. प्रक्रिया आणि मूल्यांकन यांचे जीएसटीसह १,१८० रुपये सुरुवातीलाच कापले जाणार होते, म्हणजे हातात १,९८,८२० रुपयेच पडणार. तक्त्यात पहिल्या ओळीत ही रक्कम अधिक चिन्हाने, पुढच्या अकरा ओळींत उणे २,००० आणि शेवटी उणे २,०२,००० लिहून IRR हे सूत्र लावले, आणि आलेला मासिक दर वार्षिक केला. दरमहा पर्यायाचा परिणामी दर १३.३९ टक्के आला, एकरकमीचा १३.३५. चार शतांश टक्क्यांचा हा फरक मनावर घेण्याजोगा नाही.

म्हणजे प्रश्न उरला तो एवढाच की दरमहाचे २,००० रुपये माझ्याकडे राहिले तर त्यांचे मी काय करणार. बचत खात्यात ३ टक्क्यांनी पडून राहणार असतील तर ते बँकेला देणेच बरे. मला मात्र जून-जुलैमध्ये घाऊक व्यापाऱ्याला रोख दिल्यास वह्यांवर चांगली सूट मिळते, म्हणून मी एकरकमी फेड घेतली. दुकान नसते तर घेतली नसती.

या पर्यायात एक मर्यादा मात्र लगेच समोर आली. सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देण्याची तेव्हाची मर्यादा एकरकमी कर्जात व्याजासह होणाऱ्या रकमेला लागत होती, म्हणून दरमहा पर्यायात २,३२,५०० रुपये मिळाले असते तिथे इथे साधारण २,०६,००० पर्यंतच मिळणार होते. मला दोन लाखच हवे होते, त्यामुळे निभावले. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नव्या निर्देशांत टक्केवारी बदलली असली तरी एकरकमी कर्जात शेवटची रक्कमच धरली जाते.

कर्ज घेण्याआधी एका खासगी कंपनीतही चौकशी केली होती. तिथे फलकावर ११ टक्के होते, पण छापील अटींत व्याज नव्वद दिवस थकल्यास पहिल्या दिवसापासून १८ टक्के लागेल असे बारीक अक्षरांत होते. अशा योजनेत वेळेवर भरणाऱ्याला परिणामी दर ११.५७ टक्के पडतो, म्हणजे बँकेपेक्षा कमीच. पण वर्षाच्या शेवटी एकदम फेडणाऱ्याने तिचा ११ हा आकडा तुलनेत घेऊच नये, त्याचा दर १८ पासूनच सुरू होतो.

हळद एप्रिलमध्ये विकली गेली आणि दहा महिन्यांनी मी २,२०,९२४ रुपये भरून कर्ज बंद केले. मुदतीआधी फेडल्याचा दंड नव्हता. तरीही तक्ता पुन्हा मांडला तेव्हा परिणामी दर १३.४९ टक्के निघाला, कारण तेच १,१८० रुपये आता बाराऐवजी दहाच महिन्यांवर वाटले गेले होते. सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडून गोठ पुन्हा तोलले, तेव्हा वजन जूनच्या पावतीशी तंतोतंत जुळले.